फ्री फ्लोट आणि टोटल फ्लोट: मकरपुऱ्याच्या एका शेडचा हिशोब

सर, पाठोपाठच्या दोन कामांवर टोटल फ्लोट 4-4 दिवस आलाय. म्हणजे दोघांचे मिळून 8 दिवस मोकळे ना? (सिव्हिल, तिसरं वर्ष, बडोदा)

नाही गं, दोघांत मिळून चारच. टोटल फ्लोट म्हणजे पूर्ण कामाची शेवटची तारीख न हलवता एखादं काम किती दिवस सरकू शकतं ते. मकरपुऱ्याला एक छोटी शेड उभारायचीय असं धर, रोज काम चालू. ड्रॉइंग फायनल करायला 3 दिवस. त्यानंतर दोन वाटा फुटतात. एकीकडे खोदाई, फुटिंग आणि अँकर बोल्ट 9 दिवस, मग काँक्रीटला पाणी मारायचे 7 दिवस. दुसरीकडे स्टील आणायला 4 दिवस आणि त्यातून कॉलम-ट्रस फॅब्रिकेट करायला 8 दिवस. दोन्ही वाटा संपल्या की उभारणी, 5 दिवस.

पायाची वाट 3+9+7 म्हणजे 19 व्या दिवशी संपते, स्टीलची 3+4+8 म्हणजे 15 व्या. उभारणी 19 ला सुरू, 24 ला काम पूर्ण. स्टील 3 ते 7, फॅब्रिकेशन 7 ते 15. आता उलटं ये: फॅब्रिकेशन उशिरात उशिरा 19 ला संपलं तरी चालतं, म्हणजे 11 ला सुरू व्हायला हवं, आणि म्हणून स्टील 11 पर्यंत आलं तरी चालेल. दोघांचा टोटल फ्लोट 4. खालच्या सूत्रांत TF टोटल फ्लोट, FF फ्री फ्लोट, ES लवकरची सुरुवात, LS उशिराची सुरुवात, EF लवकरचं संपणं आणि next म्हणजे पुढचं काम.

```
TF = LS - ES
FF = min(ES next) - EF
```

आता फ्री फ्लोट काढ, म्हणजे पुढच्या कामाची लवकरची सुरुवात न सरकवता किती उशीर चालतो ते. स्टीलच्या पुढचं काम फॅब्रिकेशन, त्याची लवकरची सुरुवात 7, स्टीलचं संपणं 7, वजा केलं की 0. फॅब्रिकेशनच्या पुढे उभारणी, 19 वजा 15, म्हणजे 4. ते चार दिवस पूर्ण वाटेचे आहेत, जो आधी वापरेल त्याचे. बऱ्याच मुली-मुलं FF काढताना पुढच्या कामाची उशिराची सुरुवात, इथे 11, घेतात आणि स्टीलला FF 4 लिहून मोकळी होतात, तिथेच गाडी चुकते.

साहेब, स्टीलवाला म्हणतो तुमच्या चार्टमध्ये 4 दिवस आहेत, मी तीन दिवस उशिरा देतो. त्याला हो म्हणू का? (साइट सुपरवायझर, मकरपुरा)

फॅब्रिकेटरला विचारल्याशिवाय नको. तो टोटल फ्लोट दाखवतोय, पण त्याचा स्वतःचा फ्री फ्लोट शून्य आहे, एक दिवस उशीर केला तरी फॅब्रिकेटरची सुरुवात सरकते. तीन दिवस घेतले तर फॅब्रिकेशन 10 ते 18, आणि त्याच्याकडे उरला एकच दिवस. त्याने वेल्डरची माणसं 7 तारखेला बोलावलेली असतील तर ती रिकामी बसणार आणि ती मजुरी कोण देणार हा वेगळाच वाद. मला एकदा एका कामावर हे नीट भोवलंय, सप्लायरला मी टोटल फ्लोट सांगून टाकला होता, मग दोन दिवस पावसाने खाल्ले आणि उभारणीच सरकली. तेव्हापासून सप्लायरला मी फक्त फ्री फ्लोट सांगतो, टोटल माझ्याकडे ठेवतो आणि त्यातून काय द्यायचं ते पुढच्या माणसाशी बोलून ठरवतो.

माझ्या शीटमध्ये पहिला दिवस 1 धरलाय, 0 नाही. प्रत्येक फ्री फ्लोट एक दिवस जास्त येतोय. (दांडिया बझार)

तुमच्याकडे काम 7 च्या संध्याकाळी संपतं आणि पुढचं 8 च्या सकाळी सुरू होतं, म्हणून वजाबाकीत आणखी 1 वजा करा. TF ला ही अडचण येत नाही, कारण तिथे सुरुवातीतून सुरुवात वजा होते. दोन कामांत थांबायचे दिवस असतील, म्हणजे प्रायमर वाळायला 2 दिवस वगैरे, तर तेही FF मधून वजा करायला विसरू नका.

मालकाने 22 व्या दिवशी शेड मागितलीय, ती डेडलाइन सॉफ्टवेअरमध्ये टाकली तर फॅब्रिकेशनला Total Slack 2 आणि Free Slack 4 दिसतंय. फ्री तर टोटलपेक्षा जास्त नसतो ना? (प्लॅनिंग इंजिनिअर, अलकापुरी)

तो नियम शेवटची तारीख नेटवर्कचीच असते तेव्हाचा, म्हणजे इथे 24. तुम्ही 22 लादलंत की मागून येणारी सगळी गणितं दोन दिवस आत सरकतात: उभारणी 17 ला सुरू व्हायला हवी, फॅब्रिकेशन 17 ला संपायला हवं, म्हणून TF 2, आणि पायाच्या वाटेवर TF उणे 2. FF मात्र फक्त पुढून जाणाऱ्या गणितावर, उभारणी 19 ला आणि फॅब्रिकेशन 15 ला, म्हणून 4 तसाच. त्याला डेडलाइन ठाऊकच नाही. सॉफ्टवेअर चुकलेलं नाही, पण या अवस्थेत तो 4 कोणाला सांगू नका, कारण पाया कसातरी करून दोन दिवस आधी संपवलात तर उभारणी 17 ला सुरू होईल आणि फॅब्रिकेशनचा FF आपोआप 2 होईल. आधी तो उणे 2 कुठून भरायचा ते बघा: 9 दिवसांच्या खोदाई-फुटिंगवर दुसरी गँग लावता येते, क्युअरिंगचे दिवस मात्र कापू नका.