स्नेहसंमेलनासाठी घोषणांशिवाय देशभक्तीपर कविता

प्रश्न: सहावीच्या मुलांना स्नेहसंमेलनात म्हणायला देशभक्तीपर कविता हवी आहे. त्यात जयजयकार आणि घोषणा नकोत, रोजच्या जगण्यातलं आपलेपण दिसायला हवं. कशी लिहावी?

उत्तर: मुलं वर्गात रोज उच्चारतात असा एकच शब्द निवडा आणि अख्खी कविता त्याच्यावर उभी करा. माझी निवड ‘हजर’. हजेरीत नाव पुकारलं की मूल जे उत्तर देतं, त्यात ‘मी इथला आहे आणि माझी जागा मी सांभाळली आहे’ एवढं सगळं आलं. घोषणेच्या जागी ध्रुपदासारखा तोच शब्द येऊ द्या.

कवितेच्या घडणीसाठी ओवीचा आधार घ्या. साडेतीन चरणी ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक असतं आणि चौथा चरण तोकडा असतो. तो तोकडा चरण म्हणजेच आपलं ‘हजर’. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी आठ अक्षरं ठेवली की मुलांना पाठ करायला सोपं जातं. ही घ्या कविता:

हजेरी

घंटा नुकती वाजली,
कुजबुजही थांबली,
नावे एकेक निघाली –
हजर!

धुके दाटले घाटात,
गाडी हळू उतारात,
गियरवरती हात –
हजर!

वादळात तार तुटे,
घरोघरी दिवा मिटे,
खांबावर कोण भेटे?
हजर!

मावशी डाळ निवडी,
चुलीवर मोठी हंडी,
ताटात ऊन खिचडी –
हजर!

दूर गावाहून आली,
भाषा निराळी बोलली,
माझ्या शेजारी बसली –
हजर!

रांग शाळेच्या दाराशी,
आजी उभी काठीनिशी,
शाई लागे नखापाशी –
हजर!

नळ कोणी सोडलेला,
थेंब थेंब गळलेला,
हात माझा पुढे गेला –
हजर!

तुम्ही यात कडवी बदलाल, बदलायलाच हवीत, म्हणून अक्षरं मोजायची रीत सांगते. जोडाक्षर एकच धरायचं: ‘माझ्या’ दोन अक्षरी. अनुस्वाराचं वेगळं अक्षर होत नाही, त्यामुळे ‘खांबावर’ चार अक्षरी. ‘खांबावर कोण भेटे’ ही ओळ आधी ‘वायरमन तेथे भेटे’ अशी सुचते, पण मोजलं तर वा-य-र-म-न-ते-थे-भे-टे अशी नऊ भरतात. अशी ओळ म्हणताना मुलं नेमकी तिथेच अडखळतात किंवा एक अक्षर गिळतात. शिवाय प्रश्न केल्यावर ‘हजर’ हे खरं उत्तर होतं, वायरमनचं नावही घ्यावं लागत नाही. अक्षरं कमी पडली तर मात्र ‘तो’, ‘ही’, ‘रे’ असली भरताड घालू नका, शब्दच बदला. पहिल्या कडव्यातला ‘ही’ चालतो, कारण तो ‘कुजबुजसुद्धा’ असा अर्थ देतो.

मोजणी बरोबर असूनही तालीम ऐकताना ओळी लहानमोठ्या वाटतात. कारण बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ टाकतो: ‘घाटात’ लिहिताना तीन अक्षरं, कानाला दोनच. अक्षरछंदात तो ‘अ’ उच्चारायचा असतो, आणि जुन्या ओव्या म्हणताना तो लांबवतातही. मुलांना ‘घाटातऽ, उतारातऽ’ असं हलकं ओढून म्हणायला शिकवा. नुसतं वाचून दाखवलंत तर हे त्यांना कळणार नाही, टाळी देत म्हणून दाखवा.

नवं कडवं लिहिताना घोषणा शिरली का, हे ओळखायची माझी कसोटी सोपी आहे: ओळ वाचून शाळेच्या भिंतीवर चित्र काढता येतं का? ‘शाई लागे नखापाशी’चं काढता येतं. मतदानाची शाई डाव्या तर्जनीच्या नखाला आणि त्वचेला लावतात, आणि मुलांनी ती आजीच्या बोटावर पाहिलेली असते. अनेक गावांत मतदान केंद्र शाळेतच असतं, त्यामुळे ‘शाळेच्या दाराशी’ हेही त्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. ‘त्याग’, ‘शौर्य’, ‘पावन भूमी’ यांचं चित्र निघत नाही, म्हणून मुलं ते शब्द छाती पुढे काढून नुसते म्हणतात.

कडवी तुमच्या गावची असू द्या. घाट नसेल तर मुंबईत लोकल, गोव्यात फेरीबोट. खिचडी गॅसवर शिजत असेल तर ‘चुलीवर’ काढा. खोटी चूल मुलं लगेच ओळखतात. एक पथ्य पाळा: कडव्यातला माणूस काम करताना दिसू द्या, त्याचे आभार मानू नका. आभाराची ओळ आली की भाषण सुरू होतं.

‘यात देश कुठे आहे?’ असं कुणी तरी नक्की विचारेल आणि शेवटी तिरंग्याचं कडवं जोडायला सांगेल. ते जोडू नका, नळाचं कडवं त्याखाली दबून जाईल. सूत्रसंचालकाला आधी एक वाक्य द्या: ‘देशाच्या हजेरीपटावर कोण कोण आहे, ते सहावीचा वर्ग सांगतो आहे.’ एवढ्याने श्रोता पुढची प्रत्येक ओळ त्या अर्थाने ऐकतो.

सादरीकरणात सगळ्यात मोठा धोका ‘हजर’चाच आहे. सातही वेळा सगळ्यांनी एकसुरात ओरडलं की घोषणा परत आली. म्हणून पहिलं ‘हजर’ सगळ्यांचं, पण रोजच्या वर्गातल्यासारखं, थोडं मागेपुढे. घाटातलं एकट्याचं. खांबावरचं प्रेक्षागृहाच्या मागच्या दारातून, दोन क्षण थांबून, म्हणजे लोक वळून बघतील. खिचडीचं शाळेतल्या मावशी तयार असतील तर त्यांनीच विंगेतून म्हणावं. पाचवं हळू आवाजात. वर्गात खरंच दुसऱ्या भाषेचं मूल असेल तर ते आपल्या भाषेतला शब्द वापरू शकतं, पण आधी त्याला आणि घरच्यांना विचारा. सगळ्यांसमोर ‘बाहेरचा’ म्हणून उभं राहणं त्याला नको असेल, तर त्या कडव्यात ‘हजर’ इतर कुणी म्हणावं.

आठ मुलं पुरतात. एकवीस ओळींना सुमारे पन्नास-पंचावन्न सेकंद आणि ‘हजर’च्या थांब्यांना वीस-पंचवीस, म्हणजे कविता सव्वा मिनिटात संपते. दोन मिनिटांचा वेळ मिळाला असेल तर कडवी वाढवू नका, थांबे वाढवा. मागे ढोल किंवा संगीत नको, शब्द बुडतात. पहिल्या कडव्याआधी शाळेची खरी घंटा एकदा वाजवा, सभागृह आपोआप गप्प होतं.

शेवटचं ‘हजर’ सगळ्यात लहान चणीच्या मुलाला द्या. हात पुढे करून नळ बंद करायची कृती आधी, शब्द नंतर, आणि तोही साध्या आवाजात. पडदा ओढणाऱ्याला मनात तीन आकडे मोजून मगच दोरी ओढायला सांगा.