जायफळाचा वेढा आणि जायफळाचा चमचा

*ताई, मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. रात्री दर दोन तासांनी उठते. सासूबाई सहाणेवर जायफळाचे दोन वेढे उगाळून द्यायच्या. त्या महिनाभर अक्कलकोटला नणंदेकडे गेल्यात. मला उगाळायला वेळ होत नाही, म्हणून मी तयार पूड चिमूटभर मधातून चाटवते. आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला असतात. सकाळी झोप यावी म्हणून तेही दुधातून चमचाभर पूड घेतात. परवा तासाभरात झोप लागली नाही म्हणून त्यांनी अजून एक चमचा घेतला. घरगुतीच आहे, चालतं ना?*
– एक आई, सोलापूर

नाही गं, चालत नाही. बाळाची पूड आणि मध आजपासून बंद कर.

सासूबाई जायफळ उगाळायच्या तेव्हा सहाणेवर काय उरायचं ते आठव. पाण्यात मिसळलेला एक तपकिरी ओघळ, बोटाला जेमतेम लागेल इतका. तू चिमटीत धरतेस तो मात्र फळाचा सगळा चुरा असतो, तेलासकट. नाव तेच राहिलं, पण माप कितीतरी पटींनी वाढलं. वेढ्याचं मापही तसं भरवशाचं नव्हतंच. हात जड पडला, सहाण खरखरीत असली की जास्त उतरतं, आणि प्रत्येक फळात तेल सारखं नसतं. एवढ्या लहान जिवाला अमुक इतकं जायफळ निर्धोक, असं ठरलेलं प्रमाण नाही. म्हणून सासूबाई परतल्या तरी वेढेसुद्धा नकोत. मध वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, त्यात अंग लुळं पडतं.

साडेतीन महिन्यांचं बाळ रात्री उठतं ते भुकेनं. पोटच इवलंसं असतं. गुंगीत पडून राहिलं तर एक पाजणं चुकतं, आणि आपल्याला वाटतं, बाळ शांत झोपलंय.

आता तुझ्या यजमानांचं. जायफळाच्या तेलात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. बासुंदीच्या पातेल्यात किंवा पुरणात किसून घातलेलं चिमूटभर जायफळ दहा जणांत वाटलं जातं, त्यानं काही होत नाही. पण एक अख्खं जायफळ साधारण 5 ग्रॅमचं भरतं, आणि तेवढ्यानंही मोठ्या माणसाला विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. पुडीचा सपाट छोटा चमचा 2 ग्रॅमच्या आसपास जातो, शिगोशीग भरला तर त्याहून जास्त. दोन भरलेले चमचे म्हणजे जवळजवळ एक फळ पोटात गेलं.

खरा घात होतो तो वेळेमुळे. जायफळ तासाभरात काम करत नाही. त्रास सुरू व्हायला तीन ते सहा तास, कधी त्याहूनही जास्त लागतात. झोप येईना म्हणून माणूस दुसरा चमचा घेतो, तेव्हा पहिला अजून चढलेलाही नसतो.

हे मी घरात पाहिलंय. माझ्या दिरांनी रात्री नऊला जायफळ किसून दुधातून घेतलं, साडेदहाला पुन्हा. दोनच्या सुमारास ते घाबरून उठले. तोंड इतकं कोरडं की जीभ टाळूला चिकटलेली, चेहरा लालबुंद, छाती धडधडत होती. लघवीला जाऊन बसले, पण होईना. मग भिंतीवर कुणीतरी चालतंय म्हणू लागले. आम्हाला वाटलं, दारू प्यायले की काय! डॉक्टरांनी नाडी पाहिली, ती 130 होती. यावर उतारा असं औषध नाही. सलाईन, अस्वस्थपणा उतरायचं औषध आणि हृदयावर नजर, एवढंच करता आलं. पूर्ण भानावर यायला दोन दिवस गेले.

यजमानांना दोन चमच्यांनंतर असं काही जाणवलं होतं का, ते विचार. आणि पुडीचा डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेव.

मुलगी पाजायला उठवूनही उठत नसेल, ओढ मंद झाली असेल, तोंड कोरडं आणि अंग लाल-गरम असेल, सहा-आठ तास लंगोट ओला झाला नसेल, किंवा टक लावून पाहत एकसारखी रडत असेल, तर उतरेल म्हणून वाट बघू नकोस. 108 ला फोन कर, नाहीतर रिक्षा करून थेट सिव्हिल गाठ. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, घास श्वासनळीत जातो. पुडीचं पाकीट बरोबर घे, आणि किती वाजता किती दिलं ते डॉक्टरांना खरं सांग. घरचं औषध म्हणून लपवलं की तपास भलतीकडेच जातो.

यजमानांना सांग, पहाटे तीननंतर चहा नको आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीला जाड चादर बांधा, ती तर आपल्याकडे घरोघरी आहे. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जावं. सासूबाईंना मात्र फोनवर काही बोलू नकोस. त्या आल्या की सहाणेवर दोन वेढे काढून दाखव, शेजारी तुझी चिमूट ठेव. दोन्ही त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे, मग बाळाच्या डॉक्टरांकडे त्यांनाही घेऊन जा.