पाण्याच्या बिलात आधी दिवस मोजा, मग रुपये

प्रश्न : आमची २० सदनिकांची सोसायटी मुंबईच्या उपनगरात आहे. दहा महिने मीटर वाचलेच गेले नाही, कारण मीटरच्या चेंबरवर गाडी उभी असायची. दर दोन महिन्यांनी सरासरीने ६०० युनिटचे बिल यायचे आणि आम्ही ते भरायचो. मग एकदम २,०४० युनिटचे बिल आले. त्याला आता चार महिने झाले. पुढची दोन बिले ८४० युनिटची आली, पण त्यात जुनी थकबाकी, त्यावरचा आकार आणि मीटर भाडे धरले आहे. थकबाकीसकट भरा, नाहीतर नळ तोडू, अशी नोटीस आली आहे. किती भरायचे? कोर्टात जायचे का? — सचिव

उत्तर : थकबाकीचा आकडा तुम्ही तीनदा लिहून पाठवलात. २,०४० युनिटच्या बिलावर 'कालावधी' या रकान्यात काय छापले आहे, ते मात्र कळवले नाही. सगळे प्रकरण त्या एका रकान्यावर उभे आहे. असे बिल हाती आलेल्या बहुतेक सोसायट्या तो रकाना न वाचताच वॉर्ड ऑफिसात भांडायला जातात.

मुंबईत घरगुती पाण्याचे टप्पे माणशी रोजच्या वापरावर ठरतात. १५० लिटरपर्यंत मूळ दर, १५० ते २०० ला दुप्पट, २०० ते २५० ला तिप्पट आणि त्यापुढे चौपट. एका सदनिकेत पाच माणसे धरली, की मूळ दराची मर्यादा रोजची ७५० लिटर होते. तुमच्या २० सदनिकांना रोज १५ युनिट मूळ दराने मिळतात. एक युनिट म्हणजे हजार लिटर. म्हणजे ६० दिवसांच्या बिलात ९०० युनिट आणि ३६० दिवसांच्या बिलात ५,४०० युनिट मूळ दरात बसतात. दिवस कमी धरले, की तेच पाणी महाग होते.

तुमचे २,०४० युनिट ६० दिवसांचे धरले असतील, तर हिशेब असा होतो. पहिले ९०० मूळ दराने, पुढचे ३०० दुप्पट, त्यापुढचे ३०० तिप्पट आणि उरलेले ५४० चौपट. समजायला दर ६ रुपये धरू. तुमच्या बिलावरचा दर घालून तुम्ही पुन्हा मांडा. पाण्याचे २७,३६० रुपये होतात. मलनिःसारण आकार पाण्याच्या आकाराच्या ७० टक्के असल्यामुळे त्याचे आणखी १९,१५२. एकूण ४६,५१२ रुपये. टप्प्यात झालेली चूक मलनिःसारणात आपोआप शिरते, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

आता खरा काळ घ्या. शेवटचे प्रत्यक्ष वाचन समजा ४१,२६० होते आणि नंतरचे ४६,३००. फरक ५,०४० युनिट. सरासरीच्या बिलांचे दहा महिने आणि २,०४० च्या बिलाचे दोन मिळून दिवस ३६०. रोजचा वापर १४ युनिट, म्हणजे १५ च्या आतच. पाच सरासरी बिलांत ३,००० युनिटचे पैसे तुम्ही भरलेत. उरलेले २,०४० सगळेच्या सगळे मूळ दराने लागायला हवेत : पाण्याचे १२,२४०, मलनिःसारणाचे ८,५६८, एकूण २०,८०८. वाद फक्त २५,७०४ रुपयांचा आहे. बाकीचे पाणी तुम्ही वापरले आहे, त्याचे पैसे द्यावेच लागतील.

महापालिका म्हणेल, वापर वर्षभर सारखाच होता कशावरून? उत्तर तुमच्याच हातात आहे. नंतरची दोन्ही बिले ८४० युनिटची आहेत, म्हणजे रोज १४ च. हीच बिले १,८०० च्या आसपास आली असती, तर मी तुम्हाला वकील नव्हे, प्लंबर गाठायला सांगितले असते. मीटरच्या पुढची गळती सोसायटीच्याच माथी येते. तरी एकदा खात्री करा. पाणी येण्याच्या वेळेत जमिनीखालच्या टाकीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि मीटरचा काटा पाहा. तो फिरत राहिला, तर मीटर आणि टाकी यांच्यामध्ये पाणी मुरते आहे. मीटर बंद पडलेले असते तर मात्र हा हिशेब चालला नसता, कारण मग जोडायला दोन वाचनेच नसतात.

वॉर्डाच्या सहाय्यक अभियंता (जलकामे) यांच्या नावे बिल दुरुस्तीचा अर्ज करा. त्यात दोन वाचने, त्यांच्या तारखा, भरलेली पाच बिले आणि वरचा हिशेब एका पानात मांडा. सोबत मीटरचा आजचा फोटो जोडा, आकडे आणि मीटर क्रमांक दिसेल असा. संयुक्त पाहणी मागा. प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. फोनवर 'साहेब बघतो म्हणाले', याला कुठल्याही न्यायालयात किंमत नाही.

त्याच दिवशी २०,८०८ आणि चालू दोन बिलांचे प्रत्येकी ८,५६८ भरायची तयारी ठेवा. कोणती रक्कम कोणत्या बिलापोटी, हे धनादेशासोबतच्या पत्रात बिल क्रमांकासह लिहा, नाहीतर भरलेला पैसा आधी थकबाकीत जिरतो आणि चालू बिल पुन्हा थकबाकी बनून पुढच्या महिन्यात येते. करार कायद्याचे कलम ५९ याला आधार देते. महापालिकेच्या देण्याला ते पूर्ण लागू होईल, अशी हमी मी देत नाही. अंशतः रक्कम घेतच नाहीत असे झाले, तर नकार लेखी मागा आणि नळ वाचवायला सगळी रक्कम 'हरकत राखून' भरा. नळ तोडण्याचा अधिकार १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात आहे आणि नोटीस तुमच्या हातात आहे, तेव्हा मानापमान बाजूला ठेवा.

थकबाकीवर दरमहा २ टक्के अतिरिक्त आकार लागतो. ४६,५१२ वर तो महिन्याला सुमारे ९३० होतो, २०,८०८ वर ४१६. मूळ रक्कम कमी झाली, की हाही कमी करा, असे अर्जात वेगळे लिहा. ४१६ मात्र माफ होतील असे धरू नका. चार महिने गप्प बसल्याचे ते पैसे आहेत. मीटर भाड्याबद्दल इतकेच, की मीटर महापालिकेचे असेल तर भाडे रास्त आहे. सोसायटीने विकत घेतले असेल, तर पावती शोधा.

कोर्टाचे म्हणाल, तर दिवाणी दाव्याच्या वाटेला न गेलेले बरे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ५२७ प्रमाणे आधी एक महिन्याची नोटीस लागते आणि सहा महिन्यांत दावा. तुमचे चार गेले आहेत. शिवाय २५,७०४ रुपयांच्या दाव्याच्या तारखा तुमची समिती बदलली तरी संपायच्या नाहीत. त्यापेक्षा स्थायी लोक अदालत बरी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २२-अ मध्ये पाणीपुरवठा ही लोकोपयोगी सेवा आहे. फी नाही, तडजोड जमली नाही तर ती अदालत गुणदोषावर निकाल देऊ शकते, आणि तो निवाडा अंतिम असतो. अडचण अशी, की तिथे अर्ज केला की त्याच वादासाठी दुसरे न्यायालय गाठता येत नाही. ग्राहक आयोगात तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो, तो लोक अदालतीत मिळेलच असे नाही. म्हणून नळावर प्रत्यक्ष संकट असेल तर ग्राहक आयोग, पैसे हरकत राखून भरले असतील तर लोक अदालत.

नोटिशीवरची मुदत पाहा आणि अर्ज तिच्या आत पोहोचवा. चेंबरवरची गाडी आजच हलवा. पुढच्या वेळी वाचक परत गेला, तर हेच बिल पुन्हा येईल आणि तेव्हा कालावधीचा मुद्दा मांडताना 'मीटर वाचू का दिले नाही?' हा पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल.