खात्यात साचलेले ते 18 टक्के कुणाचे?

सांगलीत माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. उलाढाल 40 लाखांवर जाणार म्हणून जूनच्या सुरुवातीला जीएसटी नोंदणी केली. महिन्याची विक्री साधारण 4 लाख, गिऱ्हाईक बहुतेक कॉन्ट्रॅक्टर. दर जुनेच ठेवले, बिलात वर 18 टक्के लावतो. अकाउंटंट तिमाहीला 1 टक्का भरतात. ऑक्टोबरअखेर जवळजवळ साडेतीन लाख शिल्लक पडले. त्यातून वर्षाला दीड लाख हप्त्याची दहा वर्षांची 'गॅरंटीड' पॉलिसी घेतली, ती गेल्या आठवड्यात हातात आली. ती चालू ठेवावी की त्याऐवजी एसआयपी करावी? एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो की माझं बिल त्याला पोर्टलवर दिसत नाही. अकाउंटंट म्हणतात, वर्षाअखेरीला बघू.

उत्तर

पॉलिसी परत करा आणि एसआयपीही आत्ता नको. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. थोडी वजावट होऊन हप्ता मिळतो. कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. एजंट 'एक वर्ष तर भरा' म्हणेल. त्याचं कमिशन पहिल्या वर्षात सर्वांत जाड असतं, म्हणून म्हणेल. अशा योजनांतून हाती पाच-सहा टक्केच पडतात, पण तो वाद नंतरचा. मुळात ज्या पैशातून हप्ता भरला तो तुमचा नाही.

तिमाहीला 1 टक्का भरताय, म्हणजे तुमची नोंदणी छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या कॉम्पोझिशन योजनेतली आहे. खात्री करायची तर नोंदणीचा दाखला काढून प्रकार बघा, किंवा पोर्टलवर स्वतःचा जीएसटी नंबर टाकून Taxpayer Type वाचा. अकाउंटंट या योजनेचा तिमाही फॉर्म CMP-08 भरत असतील तर प्रश्नच मिटला. या योजनेत व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाकडून एक रुपयाही कर घ्यायचा नसतो. तो 1 टक्का आपल्या खिशातून द्यायचा. टॅक्स इनव्हॉइस फाडायचाच नाही. 'बिल ऑफ सप्लाय' द्यायचं आणि त्यावर 'कॉम्पोझिशन करदाता, कर आकारण्यास पात्र नाही' अशा अर्थाची ओळ छापायची. दुकानाच्या पाटीवरही कॉम्पोझिशनचा उल्लेख लागतो. तुमचं बिलबुक बहुधा प्रेसवाल्याने शेजारच्या दुकानाचा नमुना उचलून छापलं असावं. हे सर्रास होतं.

कॉन्ट्रॅक्टरला बिल दिसत नाही त्याचं कारणही हेच. नियमित करदाता GSTR-1 या विक्रीच्या रिटर्नमध्ये एकेक बिल भरतो, ते खरेदीदाराच्या GSTR-2B या पोर्टलवरच्या यादीत उमटतं आणि त्यावर त्याला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर मोजलेल्या कराची वजावट, मिळतं. कॉम्पोझिशनवाला GSTR-1 भरतच नाही. त्यामुळे वर्षाअखेरीलाही काही दिसणार नाही. त्या अकाउंटंटना हे ठाऊक नसेल तर अकाउंटंट बदला, आणि ठाऊक असूनही गप्प बसले असतील तर आजच बदला.

आता देणं किती ते बघू. महिन्याला 4 लाखांवर 72 हजार, पाच महिन्यांचे 3 लाख 60 हजार. कर म्हणून घेतलेली रक्कम, घ्यायचा अधिकार असो वा नसो, सरकारजमा करावीच लागते. वर व्याज साल 18 टक्क्यांनी, म्हणजे आजवरचं दहा-पंधरा हजार धरा. ती देय झाल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही तर कराइतका दंडही लागू शकतो, आणि जूनच्या रकमेची मुदत बहुधा उलटली आहे. खरेदीवर तुम्ही जो जीएसटी मोजलात त्याची वजावट कॉम्पोझिशनमध्ये मिळत नाही, ती धरू नका. खात्यातले दोन लाख आणि पॉलिसीचे परत येणारे दीड लाख मिळूनही भरण्याला वीस-पंचवीस हजार कमी पडतील, ते खिशातून घाला. नोटिशीची वाट न बघता पोर्टलवरच्या DRC-03 फॉर्मने स्वतःहून भरणं बरं. त्याची मांडणी चांगल्या सीएकडून करून घ्या. गिऱ्हाइकांना रोख परत देऊन परस्पर मिटवायला जाऊ नका, सरकारचं देणं त्याने आपोआप संपत नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे. ही योजना तुमच्या धंद्याला लागूच पडत नाही. घरगुती गिऱ्हाईक असलेल्या दुकानाला ती बरी. तुमचं गिऱ्हाईक क्रेडिट मागणारं आहे, आणि मिरजेपलीकडे कागवाडला, म्हणजे कर्नाटकात, माल विकायचीसुद्धा तुम्हाला परवानगी नाही.

महिन्याची खरेदी करासह 3 लाख 40 हजार धरतो, त्यात कर 52 हजार. जुन्या 4 लाखांच्या दरात तुम्हाला 60 हजार सुटत होते. उद्या नियमित करदाते झालात आणि तोच माल 3 लाख 60 हजार अधिक कर अशा दराने विकलात, तर गोळा झालेला कर 65 हजार, खरेदीवरचा 52 हजार वजा, भरायचे 13 हजार. तुम्हाला सुटतात 72 हजार. कॉन्ट्रॅक्टर सव्वाचार लाख मोजतो, पण 65 हजारांचं क्रेडिट घेतो, म्हणजे त्याला माल 4 लाखांऐवजी 3 लाख 60 हजारांत पडतो. आज तोच माल त्याला 4 लाख 72 हजारांना पडतोय आणि हे त्याला अजून कळायचंय.

बाहेर पडायला पोर्टलवर CMP-04 भरायचा. तो वर्षात केव्हाही भरता येतो, मात्र याच आर्थिक वर्षात परत आत येता येत नाही. आदल्या दिवशी दुकानात असलेल्या मालावरचा कर ITC-01 भरून 30 दिवसांत मागता येतो. खरेदीची बिलं एका वर्षाच्या आतली हवीत. सहा लाखांचा माल असेल तर ते नव्वदएक हजारांचं क्रेडिट आहे. त्यासाठी शटर ओढून एक दिवस मोजदाद करा.

मग नवं बिलबुक. 10 हजारांची वायर विकली तर बिलावर तुमचा आणि कॉन्ट्रॅक्टरचा नाव-पत्ता व जीएसटी नंबर, तारीख, मालाचा चार अंकी एचएसएन कोड 8544, करपात्र रक्कम 10,000, सीजीएसटी 9 टक्के 900, एसजीएसटी 900, एकूण 11,800 आणि तुमची सही. कागवाडच्या गिऱ्हाइकाला तेच 1,800 आयजीएसटी म्हणून, आणि पुरवठ्याचं ठिकाण कर्नाटक. बिलाचा क्रमांक वर्षभर सलग, सोळा अक्षरांच्या आत. चुकलेलं बिल फाडून टाकू नका, 'रद्द' लिहून बुकात ठेवा. गाळलेल्या क्रमांकावर अधिकाऱ्याची नजर पहिली जाते. एमआरपी छापलेल्या स्विचवर एमआरपीच्या वर कर लावायचा नाही. 118 ला विकला तर त्यातले 18 कराचे.

कराचा हिशेब ठेवायला सॉफ्टवेअर नसलं तरी भागतं. विक्रीच्या वहीत करपात्र रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी असे रकाने पाडा, खरेदीची वही तशीच. बचत खातं वेगळं उघडून दर शनिवारी विक्रीवरचा सगळा कर तिकडे वळवा. मासिक रिटर्न भरत असाल तर दर महिन्याच्या 14 तारखेला GSTR-2B तयार होतं. ते खरेदीच्या वहीशी ताडून जे बिल दिसत नसेल त्या होलसेलरला फोन लावा. तिमाही रिटर्न निवडलंत तरी पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या 25 तारखेपर्यंत भरायचाच असतो. आणि एक गोष्ट कॉन्ट्रॅक्टरांशी व्यवहार करणाऱ्यांना फार जड जाते. कर बिलाच्या तारखेला लागतो, पैसे आल्यावर नाही. तीन महिन्यांच्या उधारीवर माल दिलात तर त्यावरचा कर तोवर तुम्ही आपल्या खिशातून भरलेला असतो. उधारी देताना निदान कराची रक्कम रोख मागा.

त्या कॉन्ट्रॅक्टरला याच आठवड्यात खरं काय ते सांगा. त्याने तुमच्या जुन्या बिलांवर क्रेडिट घेतलं असेल तर त्याला ते व्याजासह उलटवावं लागेल, आणि तो जितक्या लवकर उलटवेल तितकं त्याचं व्याज कमी.