पत्र्याच्या वर्गांना उष्णतारोधक छत : समितीला पत्र कसं लिहावं?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या अनुदानित शाळेत मुख्याध्यापक आहे. चार वर्ग पत्र्याचे आहेत, एप्रिलच्या परीक्षेत मुलं अक्षरशः भाजून निघतात. छताला उष्णतारोधक थर बसवावा, असं पत्र शालेय समितीला द्यायचं आहे. मागे "पंखे वाढवा" म्हणून विषय मिटवला होता. यंदा काय लिहू?

उत्तर :

सर, पत्र लिहायच्या आधी आठ-दहा दिवस मोजणी करा. "उकडतं" या शब्दावर समिती पंखेच देणार. सकाळी 11, दुपारी 1 आणि 3 अशा तीन वेळा तीन नोंदी घ्या : बाहेर सावलीतलं तापमान, वर्गात बाकाच्या उंचीवरचं तापमान आणि पत्र्याच्या खालच्या बाजूचं. तिसऱ्यासाठी पिस्तुलासारखा इन्फ्रारेड तापमापक लागतो. चकचकीत पत्र्यावर तो खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवतो. म्हणून पत्र्याला आतून कागदी चिकटपट्टीचा तळहाताएवढा तुकडा लावा आणि नेम त्याच्यावर धरा. हे चुकलं तर पत्र्याचा आकडा कमी येईल आणि तुमचंच म्हणणं लंगडं पडेल.

पंख्याचं उत्तर याच आकड्यांत आहे. उन्हात तापलेला पत्रा चुलीवरच्या तव्यासारखा खाली उष्णता फेकतो, ती थेट मुलांच्या डोक्यावर येते. पंखा फक्त हवा हलवतो, शिवाय छताखाली साठलेली गरम हवा खाली ढकलतो. वर्गातला आकडा बाहेरच्या सावलीपेक्षा जितका जास्त, तितका भाग मुख्यतः छताचा. पत्रात हा फरकच ठळक लिहा.

मागणी दोन थरांची करा. वरून पांढरा उष्णता परावर्तक रंग, दोन हात, आणि आतून 50 मिमी जाडीचा रॉकवूलचा, म्हणजे दगडी लोकरीचा थर, खालच्या बाजूला अॅल्युमिनियम फॉइल. नुसता रंग स्वस्त पडतो, पण धूळ बसली की त्याचा गुण उतरतो. दर उन्हाळ्याआधी धुवावा लागतो. कंत्राटदार बहुधा 10 मिमीचा चंदेरी फोम सुचवतील. लावायला तो सोपा आहे, पण त्याचा रोध 50 मिमी रॉकवूलच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढाच. थर्माकोलची छतं मात्र वर्गात नकोच. ती पेट घेतात आणि विषारी धूर होतो.

मापं तुमच्या वर्गाची घ्या, हिशोब असा : वर्ग 20 × 25 फूट, दोन्ही बाजूंना उतार. आतून प्रत्येक उतार साडेदहा फूट धरला तर 10.5 × 25 × 2 = 525 चौ. फूट. कापण्यात जाणारा दहा टक्के माल धरून सुमारे 580. रंगासाठी वळचणीसह पत्रा मोजा : 12 × 28 × 2 = 672. गोल पन्हळीमुळे सुमारे 14 टक्के वाढ होते, म्हणजे 766. चार वर्गांना 2320 चौ. फूट रॉकवूल आणि 3064 चौ. फूट रंगकाम. तिन्ही दरपत्रकं याच मापांवर मागवा, नाहीतर दर एकमेकांशी ताडताच येणार नाहीत.

कामाचा क्रम पत्रातच बांधून घ्या. आधी गळती : पत्रा आवळून धरणाऱ्या जे-हुकांचे कुजलेले वॉशर बदलायचे, भोकं बुजवायची. ओलं रॉकवूल उष्णता अडवत नाही आणि पत्रा वरच्या बाजूने धड दिसत असताना आतून गंजतो. मग पंख्याच्या वायरी थराखाली पाइपातून घ्यायच्या, थरात गाडायच्या नाहीत. त्यानंतर पर्लिनखाली, म्हणजे पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या दांड्यांखाली, तारेची जाळी ताणून थर बसवायचा. जाळी ढिली राहिली तर थर झोळासारखा लोंबतो आणि पर्लिनपाशी फटी पडतात. तंतू मुलांवर पडू नयेत म्हणून फॉइलचे सांधे पट्टीने बंद करून घ्या. छत सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं असेल तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो, तो खरवडू किंवा भोसकू नये.

वचन मात्र मोजकं द्या. बाहेर 43 अंश असताना उष्णतारोधक छत वर्ग 30 वर आणणार नाही. छतामुळे पडणारी जादा भर तेवढी ते काढतं. म्हणून परीक्षा सकाळच्या सत्रात घेण्याचा मुद्दाही याच पत्रात घाला.

पत्राचा मुख्य परिच्छेद असा चालेल :

"दि. __ ते __ या काळात दुपारी 1 वाजता इयत्ता दहावी (अ) च्या वर्गात बाहेरच्या सावलीपेक्षा सरासरी __ अंश अधिक तापमान नोंदले गेले. पत्र्याचे आतील तापमान __ अंशांपर्यंत गेले. पंख्यांनी ही उष्णता कमी होत नाही. सबब चारही वर्गांच्या छतांची गळती दुरुस्त करून परावर्तक रंग व 50 मिमी रॉकवूलचा थर देण्यास, सोबतच्या तीन दरपत्रकांचा विचार करून, मंजुरी मिळावी. काम दिवाळीच्या सुट्टीत सुरू व्हावे, ही विनंती."

ठरावात देयकाची अट घालायला सांगा : दहा टक्के रक्कम पुढच्या जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवायची. रंगाखालची गळती त्या पावसातच उघडी पडते.