मुडदूस झालेल्या दीड-दोन वर्षांच्या बाळाचं कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि ऊन यांची हिस्ट्री कशी घ्यायची आणि ट्रीटमेंट फाइलला कशी लिहायची?

पहिलं म्हणजे "डाएट नॉर्मल, ऊन भरपूर" असं लिहू नका. लहान मुलांच्या ओपीडीत डाएटिशियन म्हणून काम करते, आणि या वाक्यावरून आमच्या एका सीनिअर डॉक्टरांशी माझं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

मुलगा वीस महिन्यांचा. मनगटं रुंद, पाय वाकलेले, चालायला उशीर. एक्स-रेत मनगटाच्या हाडांची टोकं पसरट आणि कुरतडल्यासारखी, अल्कलाइन फॉस्फटेज खूप वाढलेलं, म्हणजे मुडदूस नक्की. पण रक्तातलं व्हिटॅमिन डी 17 नॅनोग्रॅम प्रति मिली. 12 च्या खाली असतं तर सरळ कमतरता म्हटली असती, 20 च्या वर असतं तर पुरेसं, हे मधेच लटकलेलं. सरांनी व्हिटॅमिन डीचा मोठा डोस एकदाच दिला आणि कॅल्शियमचं विचारलं तर म्हणाले, "रोज दोन कप दूध पितो ना, मग कसलं कॅल्शियम?"

मी आईला म्हटलं, ताई, उद्या तोच कप घेऊन या. कपात 150 मिली मावायचं, त्यात निम्मं पाणी, आणि तिसरा हिस्सा तर तो रोज टाकूनच द्यायचा. म्हणजे दोन कपांचं खरं दूध 100 मिली, त्यात कॅल्शियम साधारण 120 मिलिग्रॅम. बाकी दिवसभर धान्याची पेज, दह्याला तोंड लावत नाही, अंगावरचं दूध कधीच सुटलेलं, तर वरचं सगळं ओढूनताणून 100 धरलं. झाले 220. एक वर्षानंतर रोजचं 300 च्या खाली गेलं की व्हिटॅमिन डी ठीक असलं तरी मुडदूस होऊ शकतो, 500 च्या वर पुरेसं मानतात. त्यात धान्यातलं फायटेट आहे तेवढं कॅल्शियमही नीट शोषू देत नाही. म्हणून "काय खातो" एवढं विचारून भागत नाही, कशात, किती, किती पाणी घालून आणि उरतं किती हे विचारा.

उन्हाचंही तसंच. "रोज उन्हात असतो" म्हणजे सकाळी लवकर, अंगभर कपड्यात, आणि बराच वेळ बंद काचेच्या आत. काचेतून यूव्हीबी येत नाही, आणि सावली आपल्यापेक्षा लांब पडते तेव्हाच्या उन्हात व्हिटॅमिन डी फारसं बनत नाही. किती वाजता, अंग किती उघडं, काच आहे का, हे लिहा, पण मिनिटांचे युनिट करत बसू नका, तसा हिशोब होत नाही. आणि मुडदूस झाल्यावर उन्हावर उपचार सोडायचा नाही. जेवणातून व्हिटॅमिन डी मिळतं नगण्य, त्यामुळे खरा प्रश्न ड्रॉप्सचा, आणि तिथे बाटली हातात घेऊन बघा, कारण एकाच्या एक मिलीत जेवढे युनिट तेवढे दुसऱ्याच्या एका थेंबात असू शकतात.

असो. महिन्याभराने एक्स-रेत भरून येण्याची पांढरी रेघ नाही. सर म्हणाले अजून एक मोठा डोस देऊ. मी 220 चा आकडा पुढे ठेवला, तेव्हा कुठे रोज 500 मिलिग्रॅम कॅल्शियम सुरू झालं, आणि पुढच्या फिल्मला रेघ आली, फॉस्फटेजही उतरायला लागलं. सर आजही म्हणतात, पहिला डोस उशिरा लागू झाला!

ट्रीटमेंट लिहिताना युनिट लिहा, "व्हिटॅमिन डी दिलं" नको. एक ते बारा वर्षांत रोज 3000 ते 6000 युनिट निदान 12 आठवडे, किंवा एकदाच दीड लाख, आणि दोन्हीत रोज 500 मिलिग्रॅम कॅल्शियम, गोळीतून नाहीतर खाण्यातून. नंतर रोज 600 युनिट चालू. कॅल्शियम एलिमेंटल लिहा, 1250 मिलिग्रॅम कार्बोनेट म्हणजे 500. मोठा डोस तारखेसकट लिहा, नाहीतर दुसरा कोणी न बघता परत देतो आणि रक्तातलं कॅल्शियम नको तेवढं चढतं. उलट, कॅल्शियमशिवाय नुसतं व्हिटॅमिन डी दिलं तर हाडं कॅल्शियम ओढून घेतात आणि रक्तातलं घसरू शकतं, झटके येणाऱ्या बाळाला तर लगेच अ‍ॅडमिटच करायचं.

हे सगळं आठवणीवरच्या हिशोबाचं आहे, 220 चे 260 असतील, 500 नक्की नव्हते. आणि दोन्ही नीट देऊन तीन महिन्यांत काहीच सुधारणा नसेल तर आईवर संशय घेण्याआधी फॉस्फेट आणि किडनीच्या तपासण्या करा, तो मुडदूस मग आहाराचा नसेल. फाइलला कॅल्शियम सुरू केल्याची तारीख, फॉस्फटेजचे आकडे आणि तिन्ही एक्स-रे तारखेनिशी आहेत, सरांना मी तेच पान उघडून दाखवते.