मीटरच्या फोटोत शेवटचं चाक अर्धवट फिरलेलं असेल तर कोणता आकडा धरायचा?

प्रश्न: साताऱ्यात भाड्याने राहतो. पाण्याच्या मीटरचा फोटो दर महिन्याला घरमालकांना पाठवावा लागतो. या वेळी शेवटच्या चाकावर अर्धा ९ आणि अर्धा ० दिसतोय, त्याच्या आधीच्या चाकावर अर्धा ३ आणि अर्धा ४. मागचं रीडिंग ४२१ होतं. मालक ४४९ धरा म्हणतात, मला ४३९ वाटतं, बायको म्हणते ४४०. फोटो जोडलाय. बरोबर काय?

उत्तर:

४३९. मालकांचं ४४९ तर त्या मीटरवर या क्षणी असूच शकत नाही, आणि ते तुम्ही त्यांना फोटोवरूनच दाखवू शकता.

मी सांगलीत रीडिंगच्या फोटोंची तपासणी करतो. रीडर आकडा भरतो, सोबत फोटो जोडतो आणि दोन्ही जुळतात का ते मी बघतो. वाद होतो तो बहुतेक वेळा तुमच्यासारख्या फोटोवरूनच, कारण ९ जाऊन ० येताना एक नाही, दोन चाकं एकदम हलत असतात. आतली रचना कळली की हा गोंधळ राहत नाही.

काउंटरमधली चाकं एका दांड्यावर शेजारी शेजारी बसवलेली असतात. उजवीकडचं चाक ० पासून ९ पर्यंत जाताना डावीकडचं जागचं हलत नाही. उजवीकडचं ९ वरून ० वर निघालं की त्याच्या कडेचे दात मधल्या छोट्या चक्रीत अडकतात आणि ती चक्री डावीकडच्या चाकाला बरोबर एक घर पुढे ढकलते. म्हणजे ९ अर्धा वर गेला असेल तेव्हा ३ सुद्धा अर्धाच वर गेलेला असतो. दोन्ही चाकं एकाच हालचालीत असतात, म्हणून आकडे घ्यायचे तर दोन्हींचे जुने घ्यायचे किंवा दोन्हींचे नवे. दोन्ही जुने घेतले तर ४३९, दोन्ही नवे घेतले तर ४४०. मालकांनी दशकाच्या चाकावरचा नवा ४ उचलला आणि एककाच्या चाकावरचा जुना ९. तशी जोडी केली की रीडिंग थेट १० युनिटनं वाढतं. कुणी उलटी जोडी केली, जुना ३ आणि नवा ०, तर ४३० येतं आणि ९ युनिट गायब होतात. पाण्याचं १ युनिट म्हणजे १ घनमीटर, १००० लिटर. म्हणजे तुमच्या ४३९ आणि त्यांच्या ४४९ मध्ये दहा हजार लिटरच्या एका अख्ख्या टँकरचा फरक आहे.

राहिला प्रश्न ४३९ की ४४० याचा. नियम असा की चाक पूर्ण फिरून बसल्याशिवाय नवा आकडा धरायचा नाही. दिसणाऱ्या दोन आकड्यांतला लहान लिहायचा, आणि जोडी ९ व ० ची असेल तर ९. बऱ्याच मीटरमध्ये आकडे वर सरकतात आणि नवा खालून येतो, काहींत उलटं असतं. लहान आकडा धरायचा म्हटलं की ती दिशा लक्षात ठेवायची गरज पडत नाही.

पण तुमच्या फोटोत याहून भक्कम पुरावा आहे. काळ्या चाकांच्या खाली डायलवर चार छोटे लाल काटे आहेत. त्यांच्याजवळ बारीक अक्षरांत ×०.१, ×०.०१, ×०.००१ आणि ×०.०००१ छापलेलं असतं. पहिल्या काट्याचं एक घर म्हणजे १०० लिटर, दुसऱ्याचं १० लिटर, तिसऱ्याचं १ लिटर. ×०.१ चा काटा पूर्ण एक फेरा मारतो तेव्हा शेवटचं काळं चाक एक घर पुढे गेलेलं असतं. तेव्हा चाकाबद्दल शंका आली की या काट्याकडे बघायचं. तो ० च्या अलीकडे असेल तर जुना आकडा, ० ओलांडून गेला असेल तर नवा.

तुमच्या फोटोत हा काटा जवळजवळ ० वरच आहे. नुसत्या त्याच्यावरून ठरवता येत नाही, म्हणून त्याच्या पुढचा, ×०.०१ चा काटा मोठा करून बघा. तो ७ आणि ८ च्या मध्ये आहे. म्हणजे पहिला काटा ० ला अजून पोचलेलाच नाही. पोचून पुढे गेला असता तर दुसरा काटा ० किंवा १ च्या आसपास दिसला असता. तेव्हा पहिला काटा ९, दुसरा ७, आणि पूर्ण रीडिंग ४३९.९७. पाण्याच्या बिलाला आणि तुमच्या हिशोबाला पूर्ण युनिट लागतात, म्हणून ४३९ लिहायचं. ४४० च्या जवळ आहे म्हणून वर ढकलायचं नाही. उरलेलं ०.९७ कुठे जात नाही, पुढच्या महिन्याच्या वापरात आपोआप येतं.

पडताळा पाहिजे असेल तर सोपा आहे. ४४० व्हायला फक्त ३० लिटर कमी आहेत, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. नळाला पाणी आल्यावर मालकांना मीटरजवळ उभं करा आणि बादल्या भरायला घ्या. दुसरी बादली काठाला येईपर्यंत दोन्ही चाकं एकदम सरकून ४ आणि ० सरळ रेषेत बसतील. फोटो काढल्यानंतर पाणी वापरलं गेलं असेल तर चाकं आधीच बसलेली दिसतील, आणि तिथे ४४० च्या पुढचं रीडिंग असेल. ४४९ व्हायला अजून नऊ हजार लिटर जावे लागतील. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळीच येतं आणि बंद झालं की चाकं जिथे आहेत तिथेच थांबतात. तुमचं चाक अर्ध्यावर दिसलं ते त्यामुळे, बिघाड म्हणून नाही.

मागच्या रीडिंगशी मेळही घालून बघा. ४३९ मधून ४२१ गेले, उरले १८. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं मानक धरलं तर चार माणसांना महिन्याला साधारण १६ युनिट लागतात. १८ त्या जवळपास आहे, २८ नाही. अर्थात हा आधाराचा पुरावा आहे, निकाल काट्यांनीच द्यायचा. घरी पाहुणे असले किंवा टाकी वाहून गेली तर २८ युनिटही होऊ शकतात.

मालकांना ४ का दिसला तेही सांगतो. चाकं खिडकीच्या पट्टीपासून थोडी आत असतात. मोबाइल आकड्यांच्या डोक्याच्या बाजूला कलला की खालून येणारा आकडा जास्त दिसतो आणि जाणारा पट्टीआड जातो. पायाच्या बाजूला कलला की उलटं होतं. तुमच्या फोटोत खिडकीच्या वरच्या कडेचा भाग रुंद आणि खालचा चिरडलेला दिसतोय, म्हणजे कॅमेरा वरून तिरका धरला होता. त्यानं ४ जरा जास्त आला. मोबाइल डायलला समांतर धरा. फ्लॅश बंद करा, उजेड कमी असेल तर दुसऱ्याकडून बाजूनं टॉर्च धरून घ्या. काच बाहेरून पुसा. लाल काटे आणि मीटरचा नंबर त्याच फोटोत येऊ द्या. नुसत्या काळ्या चाकांचा जवळून काढलेला फोटो दिसायला स्वच्छ असतो, पण वाद मिटवणारे काटेच त्यात नसतात. खड्ड्यातल्या मीटरचा फोटो पुष्कळदा उलटा येतो. तसं झालं तर आधी तो फिरवून घ्या, कारण उलट्यात ६ चा ९ होतो आणि आकड्यांचा क्रमही फिरतो. डायलवरची अक्षरं सरळ वाचता आली की फोटो सरळ आहे.

एक अडचण अशी आहे की तिथे फोटो पुरेसा पडत नाही. जुन्या काउंटरमध्ये मधली चक्री झिजते आणि दशकाचं चाक कायमच तिरकं राहतं. तेव्हा एककाचं चाक स्पष्ट ८ दाखवतं आणि दशकावर मात्र ३ व ४ अर्धे अर्धे दिसतात. अशा वेळीही उजवीकडच्या चाकावरून ठरवायचं. उजवीकडे ७, ८ असेल तर हातचा अजून गेलेला नाही, म्हणून ४३८. उजवीकडे १, २ असेल तर तो जाऊन झालाय, चाक मागे रेंगाळलंय, म्हणून ४४१. उजवीकडे ४, ५, ६ असताना दशक अर्ध्यावर दिसलं तर मी फोटोवरून आकडा देत नाही. मागचं रीडिंग आणि दोन-तीन दिवसांनी काढलेला दुसरा फोटो मागतो, आणि मीटर तपासायला द्यायला सांगतो.

विजेच्या मीटरलाही हेच लागू आहे, पण तो चाकांचा असेल तरच. स्क्रीनवर आकडे येणाऱ्या मीटरला अर्धं चाक नसतंच. चाकांच्या मीटरवर शेवटचं चाक बहुधा लाल किंवा लाल चौकटीतलं असतं आणि ते युनिटचा दहावा भाग दाखवतं. ते अर्धं असो नाही तर पूर्ण, बिलात धरायचं नाही. त्याला पूर्ण आकडा समजून ७४३९ च्या जागी ७४३९६ भरलेले फोटो माझ्यासमोर येतात, आणि ती चूक अर्ध्या चाकाच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठी असते. शंका फक्त तेव्हा येते जेव्हा लाल चाक ९ आणि ० च्या मध्ये असतं आणि त्याच्या डावीकडचं काळंही अर्धं फिरलेलं असतं. तिथे लाल ९ धरा, काळ्याचा जुना आकडा लिहा. खात्री करायला २००० वॉटचा गिझर ३ मिनिटं चालवा. तेवढ्यात ०.१ युनिट होतं, लाल चाक एक घर सरकतं आणि काळं सरळ बसतं.

घरमालकांना आता ४३९ च कळवा. सोबत दोन लाल काट्यांचा मोठा केलेला तुकडा पाठवा आणि खाली लिहा, ‘×०.०१ चा काटा ७ आणि ८ च्या मध्ये आहे.’